मस्टरवरचं पहिलं नाव

ही गोष्ट सांगायचं मी फार वर्षं टाळलं. बायकोला सांगितली नाही, मुलांना सांगितली नाही. नातवाने एकदा विचारलं होतं, "आजोबा, तुमच्या हातून हिशेबात कधी चूक झाली का?" मी म्हणालो, "झाली असेल एखादी." तो हसला. एखादी नव्हती, एकच होती, आणि ती नेमकी कुठल्या ओळीत होती ते मला आजही डोळे मिटून सांगता येतं. चूक सुधारता आली असती. नंतर मी जे केलं ते सुधारता आलं नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट आहे, नवे पैसे यायच्या आधीची. मी पुण्यात एका हिशेबतपासनीसांकडे कारकून होतो. त्यांना आम्ही साहेब म्हणायचो. पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहिला होता आणि त्याला लागणाऱ्या लाकडी पेट्या बनवण्यासाठी चिंचवडला, स्टेशनच्या पलीकडे, दोघा भागीदारांनी एक कारखाना काढला होता. कारखाना म्हणजे पत्र्याची मोठी शेड, करवतीचं एक यंत्र, चौदा-पंधरा माणसं आणि सगळीकडे भुसा. त्यांचे हिशेब तपासायचं काम आमच्याकडे होतं आणि साहेबांनी ते माझ्याकडे दिलं होतं. मी सायकलने जायचो. परत येईपर्यंत केसात, कॉलरीत, अगदी डब्यातल्या पोळीतही भुसा असायचा.

भागीदारांतले एक शेठ. पुण्यात त्यांची लाकडाची वखार होती. त्यांनी वीस हजार रुपये घातले होते. दुसरे मिस्त्री, कुरुळीचे. त्यांनी दोन एकर जमीन विकली होती. ते पैसे आणि करवतीच्या यंत्राची धरलेली किंमत मिळून त्यांचं भांडवल पाच हजार. शेठ आठवड्यातून एकदा येत. मिस्त्री रोज कुरुळीहून सायकल मारत येत आणि माणसांच्या आधी शेडचं कुलूप काढत.

करारपत्र मला अजून पाठ आहे. नफा निघाला की आधी दोघांच्या भांडवलावर शेकडा सहा टक्के व्याज द्यायचं. मग कारखाना सांभाळतात म्हणून मिस्त्रींना महिना शंभर रुपये पगार. शेठना पगार नाही, कारण ते रोज काम करत नाहीत. एवढं काढून उरेल तो नफा रुपयातले दहा आणे शेठचे, सहा आणे मिस्त्रींचे. कोणाला यात अन्याय वाटू नये असंच ते लिहिलेलं होतं. ज्याचा पैसा जास्त त्याला व्याज जास्त, ज्याचे हात राबतात त्याला पगार, आणि उरलेलं ठरल्या हिश्शाने.

वर्षाअखेर शेठच्या वखारीतले म्हातारे दिवाणजी या हिशोबाने नफावाटणीचं पत्रक तयार करायचे. मी ते तपासायचं, प्रत्येक आकड्याला हिरव्या पेन्सिलीने खूण करायची, आणि दोघा भागीदारांना वाचून दाखवून त्यांच्या सह्या घ्यायच्या. भांडवल करारपत्राशी जुळतं का, व्याज बरोबर आहे का, दहा-सहाची वाटणी आण्यापर्यंत बसते का, हे सगळं मी बघायचो. मला त्याचा अभिमान होता. माझं पत्रक कधी दोन आण्यांनीही चुकत नसे.

पहिल्या वर्षीचं पत्रक मी शेडमध्येच, पेट्यांच्या थप्पीवर बसून मिस्त्रींना वाचून दाखवलं. शेठनी सही आधीच केली होती. मी वाचत होतो: भांडवलावर व्याज तीनशे, पगार बाराशे, नफ्यातला हिस्सा इतका. मिस्त्री कानावर पेन्सिल ठेवून ऐकत होते.

"भाऊसाहेब, थांबा," ते म्हणाले. "ह्यो पगार बाराशे. पर पगार तर मी घेतोच की. पोरांसंगं, एक तारखेला पन्नास आन् सोळा तारखेला पन्नास. मस्टरला माझं नाव हाय, पहिलंच."

मला साहेबांकडे चारच्या आत पोचायचं होतं. मी म्हणालो, "ते हिशेबात येतं, मिस्त्री. तुमच्या खात्याला ती उचल लागते. तुम्ही सही करा."

"न्हाई, दोनदा तर व्हत न्हाई ना?"

"अहो, आम्ही कशाला बसलोय मग?"

ते हसले. "व्हय, ते बी खरं. आमी लाकूड बघावं, तुमी आकडं." आणि त्यांनी सही केली. मोठी, सावकाश, प्रत्येक अक्षर पटाशीने कोरल्यासारखी.

ते म्हणत होते ते मी बघायला हवं होतं. भागीदाराने उचललेले पैसे मजुरीत धरायचे नसतात, त्याच्या नावे टाकायचे असतात. मी गृहीत धरलं की दिवाणजींनी तसंच केलं असेल. पण मस्टर राहायचं चिंचवडला आणि खतावणी पुण्यात. मिस्त्री दर पंधरवड्याला एका चिठ्ठीवर मजुरीची एकूण रक्कम लिहून पाठवत. दिवाणजी ती आख्खी रक्कम मजुरीखाती टाकत. त्यात मिस्त्रींचे पन्नास आहेत हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आणि ज्याला सांगितलं होतं, त्याने मस्टर उघडलं नव्हतं. मी मजुरीच्या चिठ्ठ्यांची बेरीज केली, ती जुळली, हिरवी खूण केली.

म्हणजे बाराशे रुपये दोनदा गेले. एकदा मजुरी म्हणून नफा काढायच्या आधीच, आणि एकदा पगार म्हणून पत्रकातून, मिस्त्रींच्या खात्यावर जमा. ते वर्षाअखेर खात्यावर जे दिसेल ते उचलायचे. शेठचं नुकसान किती झालं हे काढायला नंतर मला दोन मिनिटं लागली. बाराशेतले दहा आणे, साडेसातशे. नफा कमी असो की जास्त, ही चूक दर वर्षी नेमकी तेवढीच राहणार होती. दुसऱ्या वर्षीही मी तशीच खूण केली. त्या वर्षी मिस्त्रींनी काही विचारलं नाही. विचारायचं ते त्यांनी एकदा विचारलं होतं.

मालक असून ते मस्टरवर सही का करत, हे मला नंतर शेडमधल्या एका माणसाने सांगितलं. मिस्त्री तरुणपणी दुसऱ्याच्या कारखान्यात राबले होते. तिथला मालक टेबलामागे बसून पैसे फेकायचा. "टेबलाच्या पल्याड बसून मला पैसं मोजता येत न्हाईत," असं ते म्हणत. नाव पहिलं लिहायचे, पण पैसे घ्यायला रांगेत सगळ्यांच्या शेवटी उभे राहायचे. रोकड कमी पडली तर त्यांचे पन्नास मागे राहायचे. बाकी कुणाचे राहिले नाहीत कधी.

तिसऱ्या वर्षी पेट्यांचा भाव थोडा उतरला. शेठ म्हणाले, मजुरी फार दिसते, एकदा मस्टर घेऊन बसा. पत्रक दिवाणजींनी तयार केलेलं होतं, सह्या व्हायच्या होत्या. मी सकाळी चिंचवडला गेलो, मिस्त्रींनी स्वतः मस्टर आणून दिलं, वरचा भुसा फुंकून. मी पहिलं पान उघडलं. पहिलं नाव त्यांचं. पुढे पन्नास. पुढे तीच कोरीव सही.

मी पान उलटलं. पन्नास. पुन्हा उलटलं. चोवीस पंधरवडे, चोवीस सह्या. करवत चालू होती आणि मला पहिल्या वर्षीची ती थप्पी, ती दुपार, त्यांचा प्रश्न, माझं उत्तर, सगळं शब्दाला शब्द आठवत होतं.

त्याच महिन्यात साहेब मला कायम करणार होते. माझ्या आधीच्या कारकुनाला त्यांनी न बघता केलेल्या एका खुणेसाठी काढून टाकलं होतं. "खूण म्हणजे तुमची जबान," असं ते म्हणत. मी दोन वर्षं खोटी जबान दिली होती.

मी साहेबांना खरं सांगितलं, पण अर्धंच. मजुरीत भागीदाराचा पगार सापडला, दोन वर्षं दुहेरी गेलाय, असं. साहेबांनी विचारलं, "तुम्हाला आधी कळलं नाही?" मी म्हणालो, "मस्टर तिकडे असतं, चिठ्ठीवर नुसती बेरीज यायची." हे खरंच होतं. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून ते बोलायला सोपं गेलं.

दोन दिवसांनी शेठ आणि मी चिंचवडला गेलो. शेडच्या कोपऱ्यात फळ्या ठोकून केलेली एक खोली होती, तिला ऑफिस म्हणत. मिस्त्री बाहेरून हात झटकत आले. शेठनी मस्टर त्यांच्यापुढे ठेवलं.

"मिस्त्री, हे काय?"

"मस्टर."

"ते दिसतंय हो. हे पन्नास तुमचे. आणि पत्रकातला पगार बाराशे, तोही तुमचा?"

मिस्त्रींनी आधी मस्टरकडे बघितलं, मग पत्रकाकडे, मग माझ्याकडे. त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. उत्तर आपल्याकडे आहे हे कळल्यावर माणसाचा होतो तसा.

"म्हंजे दोनदाच धरलं गेलं की. शेठ, मी पहिल्याच साली ह्ये इचारलं हुतं. ह्या भाऊसाहेबांस्नी. पेट्यांवर बसलो हुतो. म्हनलं, पगार मी पोरांसंगं घेतोय, दोनदा व्हतंय का? ते म्हनले हिशेबात येतं. इचारा त्यांना."

शेठ माझ्याकडे वळले. ते रागीट माणूस नव्हते. "असं बोलले का हे तुमच्याशी? बोलले असतील तर विषयच संपला. चूक चूक आहे, माणसाकडून होते. पैसे वळते करू आणि चहा पिऊ."

करवत थांबली होती. माणसं जेवायला गेली असावीत. मला एवढंच म्हणायचं होतं: होय, बोलले होते. तीन शब्द. पुढे जे व्हायचं ते माझं झालं असतं, नोकरीपुरतं.

मी म्हणालो, "मला तसं काही आठवत नाही."

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. ते लाकडात आत कीड निघाली की जसं बघायचे, तसं बघत होते. आधी वरून चांगलं वाटलं होतं, आता काय करायचं, असं.

"आठवत न्हाई," ते स्वतःशीच म्हणाले.

"मिस्त्री," शेठ म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला होता, "पैसे गेले त्याचं मला काही नाही. दोन वर्षांच्या पंधराशेनी मी मरत नाही. पण लपवलंत, आणि वर या मुलावर ढकलताय?"

"मी लपवलं असतं तर मस्टरला सही कशाला केली असती, शेठ?"

हे इतकं सरळ होतं की शेठनी मस्टर उचलून ती सही बघितली. त्यांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं. मला दुसरी संधी मिळाली होती. मी पत्रकाची घडी सारखी करत राहिलो.

मिस्त्रींनी ते पाहिलं. मग ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. हिशेब काढा. माझं जे जास्त आलंय ते कापून घ्या आन् मला मोकळं करा. ज्याला इस्वास न्हाई त्याच्यासंगं भागीदारी कशी करायची? तुमचा बी येळ वाया, माझा बी."

भागीदारी मोडली. शेवटचं पत्रक मीच केलं. इतकं बिनचूक पत्रक मी आयुष्यात दुसरं केलं नाही. मजुरीतले बाराशे बाहेर काढले तेव्हा तिसऱ्या वर्षीचा नफा सहा हजार झाला. शेठचं व्याज बाराशे, मिस्त्रींचं तीनशे, पगार बाराशे. उरले तेहतीसशे. त्यातले शेठचे दहा आणे म्हणजे दोन हजार बासष्ट रुपये आठ आणे, मिस्त्रींचे सहा आणे म्हणजे बाराशे सदतीस रुपये आठ आणे. मिस्त्रींच्या खात्यावर एकूण सत्तावीसशे सदतीस रुपये आठ आणे जमा, त्यातले बाराशे मस्टरवर उचललेले. राहिले पंधराशे सदतीस रुपये आठ आणे. त्यातून मागच्या दोन वर्षांचे पंधराशे वजा.

सदतीस रुपये आठ आणे उरले. ते आणि त्यांचं पाच हजार भांडवल. तीन वर्षं रोज पहिलं कुलूप काढणाऱ्या माणसाच्या हातात पगाराखेरीज वरचं एवढंच येत होतं, कारण मागचं त्यांनी घरात घातलं होतं. आकडा बरोबर होता. मी तीनदा तपासला. चुकायला हवा होता असं वाटत होतं.

"वाचून दाखवू?" मी विचारलं.

"नगं," मिस्त्री म्हणाले. "तुमी बघितलंय न्हवं?" आणि त्यांनी सही केली.

करवतीचं यंत्र शेठनी ठेवून घेतलं. मिस्त्री आपली पटाशी, रंधा आणि गुण्या एका पोत्यात घालून सायकलला बांधून गेले. शेडमधली माणसं दाराशी उभी होती. आठवड्याभरात चिंचवडपासून मोशीपर्यंत बोललं जाऊ लागलं की मिस्त्रीने डबल पगार खाल्ला. कुरुळीच्या जत्रेच्या वर्गणीचा डबा वर्षानुवर्षं त्यांच्या घरी असे, त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून. कोणी मागितला नव्हता. त्यांनी स्वतः तो देवळात नेऊन ठेवला आणि म्हणाले, दुसरं घर बघा. हे मला पुढच्या वर्षी कळलं. त्या दिवशी मी जेवू शकलो नाही. एवढंच. दुसऱ्या दिवशी जेवलो.

मी कायम झालो. परीक्षा दिल्या, पुढे स्वतःचं ऑफिस काढलं. जिथे शेतं होती तिथे कारखाने आले, आणि त्यांच्या भागीदाऱ्या, वाटण्या, भांडणं माझ्याकडे येऊ लागली. लोक म्हणत, यांच्याकडे जा, दोन्ही बाजूंचं ऐकून घेतात. नफावाटणीचं पत्रक आलं की मी आधी मस्टर मागवायचो. माझे कारकून हसायचे. शेठ एकदा, वय झाल्यावर, म्हणाले, "मिस्त्रीसारखा हात पुन्हा मिळाला नाही हो. का केलं असेल त्यानं तसं?" त्यांनाही मी सांगितलं नाही. ते तसंच मनात घेऊन गेले.

मिस्त्री मला मध्ये एकदा भेटले. आकुर्डीला एका कारखान्याच्या फाटकाबाहेर. ठेकेदाराकडे पेट्या ठोकायला होते. केस पूर्ण पांढरे. ओळख दाखवायला नको म्हणून मी बाजूला झालो असतो, पण त्यांनी हाक मारली.

"भाऊसाहेब, बरं हाय ना?"

"बरं आहे. तुमचं?"

"बरंच म्हनायचं. आता मस्टरला एकदाच सही करतो." ते किंचित हसले. "अन् पैसं बी एकदाच येतात. घोळ न्हाई."

माझ्याबरोबर कारखान्याचा मॅनेजर होता. मी म्हणालो, "या कधी ऑफिसला." त्यांनी मान हलवली. येणार नाहीत हे दोघांनाही माहीत होतं.

काम सोडल्यावर मी एक कागद लिहिला. साधा, फुलस्केप. पहिल्या वर्षी मिस्त्रींनी आपण मस्टरवर पगार घेतो हे मला स्पष्ट सांगितलं होतं, मी न बघता खूण केली, आणि नंतर शेठपुढे खोटं बोललो, असं त्यात होतं. खाली माझी सही. तो खिशात घालून मी कुरुळीला गेलो. मिस्त्री ओट्यावर बसून नातीसाठी पोळपाट घासत होते. दिसायला कमी आलं होतं, बोटांनीच लाकूड बघत होते. सुनेला म्हणाले, "चहा टाक गं. हे आपलं जुनं हिशेबनीस. लई बिनचूक मानूस."

ते टोचून बोलले का, ते मला त्यांच्या तोंडावरून कळेना. सुनेसमोर कागद काढायला मला लाज वाटली. म्हटलं ती आत गेली की काढू. ती आत गेली. मिस्त्रींनी पोळपाट माझ्या हातात दिला आणि विचारलं, "बघा बरं, कुटं खरबरीत लागतंय का?" मी बोट फिरवलं. कुठेही लागत नव्हतं. तसं सांगितलं. चहा प्यायलो. पावसापाण्याचं, रस्त्याचं, जमिनीच्या भावाचं बोललो. निघताना त्यांनी अंदाजाने माझा हात धरला आणि म्हणाले, "येत जा." मी येतो म्हणालो.

पुढच्या वेळी गेलो ते तेराव्याला.

कागद अजून माझ्याकडे आहे, घड्यांवर फाटत आलेला. त्यात वस्तुस्थिती सगळी आहे, पण तिथे ओट्यावर बसून जे म्हणायचं होतं ते लिहिलेलं नाही. ते मी इथे लिहितो. मिस्त्री, तुम्ही मला विचारलं होतं. पेट्यांच्या थप्पीवर, दुपारी. मला आठवत होतं. तुम्ही माझ्याकडे बघत होता तेव्हाही आठवत होतं. मला माफ करा.